नाव तिरपी धरली तर वेळ किती लागतो, ड्रिफ्ट किती होतो?

सर, गणित असं आहे. नदीची रुंदी ४०० मीटर, प्रवाह ताशी ५.४ किमी, स्थिर पाण्यात नावेचा वेग ताशी ९ किमी. नावाडी नावेचं तोंड समोरच्या काठाकडच्या लंबापासून ३०° प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला वळवून नाव चालवतो. पलीकडे जायला वेळ किती आणि ड्रिफ्ट किती? माझं उत्तर ३२० सेकंद आणि २१३ मीटर आलं, तेही उलट्या बाजूला. पुस्तकात १८५ सेकंद आणि ४६ मीटर दिलंय. पुढच्या गणितात प्रवाह ताशी १०.८ किमी करून कमीत कमी ड्रिफ्ट विचारलाय, तिथे माझा sin θ एकाहून मोठा येतो. आणि सुट्टीत इंदूरहून महेश्वरला गेलो होतो, तिथला नावाडी तिरपी नाव धरून बरोबर समोर उतरवत होता. तो कुठे sin θ काढतो?

तुझी बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर आहे, चुकला आहे तो कोन. ३२० आणि २१३ हे आकडे एकाच चुकीतून येतात: ३०° लंबापासून मोजायच्या ऐवजी काठापासून मोजले गेले. म्हणजे तुझी नाव लंबापासून ६०° वळलेली आहे. इतकी तिरपी नाव प्रवाहाशी झुंजत वर चढते आणि पलीकडे पोचायला फार वेळ घेते, म्हणून तुझा ड्रिफ्ट उलट्या बाजूला गेला.

ही चूक सवयीची आहे. प्रक्षेपकाच्या गणितात कोन सहसा आडव्या रेषेपासून मोजतात, त्यामुळे आडव्या दिशेला cos आणि उभ्या दिशेला sin हे हाताला बसलेलं असतं. नदीच्या गणितात कोन बहुतेक वेळा लंबापासून दिलेला असतो आणि तिथे हे उलटं होतं. म्हणून x आणि y बघून sin-cos लावू नकोस. ज्या रेषेपासून कोन मोजलाय त्या रेषेवरच्या घटकाला cos, उरलेल्याला sin, एवढंच धर. ‘प्रवाहाशी १२०°’ असं दिलं तरी तेच गणित आहे, कारण प्रवाहाच्या दिशेपासून लंब ९०° वर येतो आणि त्यापुढचे ३०° प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला जातात.

आता गणित नीट मांडू. महेश्वरच्या घाटावर तू उभा होतास तेच चित्र घे. घाट उत्तर काठावर आहे, समोर दक्षिणेला नावडातोडी, आणि नर्मदा पश्चिमेला वाहते. म्हणजे पाण्याकडे तोंड करून उभा राहिलास की धार डावीकडून उजवीकडे जाते. उजवीकडे धन, डावीकडे ऋण, आणि समोरचा काठ हा लंब. (आकडे तुझ्या गणितातलेच घेतोय, नर्मदेच्या पात्राची मापं म्हणून वाचू नकोस.)

आधी एकक. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की मीटर प्रति सेकंद मिळतात. प्रवाह u = १.५, नाव v = २.५. हे न करता ४०० मीटरला थेट ९ ने भागणारेही निघतात, तेव्हा ही पायरी कागदावर लिहून टाकत जा.

नावेचा २.५ हा वेग पाण्याच्या सापेक्ष आहे. त्याचे दोन तुकडे पाड. काठाच्या पलीकडे नेणारा तुकडा २.५ × cos ३०° = २.१६५, आणि डावीकडे, म्हणजे धारेविरुद्ध नेणारा तुकडा २.५ × sin ३०° = १.२५. पाणी नावेला उजवीकडे १.५ ने नेतं. काठावर उभ्या माणसाला दिसणारा उजवीकडचा वेग १.५ − १.२५ = ०.२५ एवढाच उरतो.

वेळ काढताना फक्त पलीकडे नेणारा तुकडा बघायचा. पाणी नावेला समोरच्या काठाकडे ढकलतही नाही आणि ओढतही नाही, ते फक्त काठाच्या समांतर सरकवतं. म्हणून वेळेच्या सूत्रात u कुठेच येत नाही:

```
t = d / (v cos θ) = 400 / 2.165 = 184.8 s
x = (u − v sin θ) · t = 0.25 × 184.8 = 46.2 m
```

हेच पुस्तकातलं उत्तर. ड्रिफ्ट धन आला, म्हणजे नाव समोरच्या जागेच्या ४६ मीटर खाली, उजव्या अंगाला लागली.

इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. नावेचं तोंड लंबाच्या डावीकडे ३०° आहे, पण नाव जाते लंबाच्या उजवीकडे. ४०० मीटर पलीकडे जाताना ४६ मीटर सरकली, म्हणजे वाट लंबाशी साधारण ६.६° चा कोन करते. तोंड एका बाजूला आणि वाट दुसऱ्या बाजूला हे डोळ्यांना विचित्र वाटतं, पण प्रवाह ओलांडणाऱ्या नावेचं तोंड आणि वाट सहसा एकाच दिशेला नसतात. गणितात ‘नाव ३०° कोनात चालवतो’ असं असेल तर तो कोन तोंडाचा. ‘नाव काठाशी अमुक कोन करत जाते’, ‘नावेचा मार्ग’ असे शब्द असतील तर कोन वाटेचा, आणि मग u व v च्या बेरजेतून येणाऱ्या सदिशाला तो कोन लावावा लागतो. दोन्ही एकच समजणं ही या धड्यातली सगळ्यात महागडी चूक आहे, कारण उत्तर दिसायला ठीकठाक येतं आणि चूक पकडली जात नाही.

पडताळा मात्र सोपा आहे. काठावरून दिसणारा वेग म्हणजे २.१६५ आणि ०.२५ यांचं कर्ण, सुमारे २.१८. त्याला १८४.८ ने गुण, ४०२.७ मीटर येतात. वाटेची लांबी ४०० आणि ४६.२ चं कर्ण काढून बघ, तेही ४०२.७ च येतं. जुळलं म्हणजे घटक नीट पडले. काही मुलं इथे तिरप्या वाटेची लांबी घेऊन तिला २.५ ने भागतात आणि १६१ सेकंद काढतात. लांबी काठावरून मोजलेली आणि वेग पाण्यावरून मोजलेला, असा तो भागाकार होतो, म्हणून तो चुकतो. लांबी काठावरची असेल तर वेगही काठावरून दिसणारा, म्हणजे २.१८ च हवा.

कोन बदलला की काय होतं तेही याच आकड्यांवर बघून घे. तोंड सरळ समोर धरलं (θ = ०) तर वेळ ४०० / २.५ = १६० सेकंद. याहून कमी वेळ शक्य नाही, कारण सगळा वेग पलीकडे जाण्यातच लागला. पण ड्रिफ्ट २४० मीटर. बरोबर समोर उतरायचं असेल तर v sin θ = u, म्हणजे sin θ = ०.६, कोन सुमारे ३६.९°, आणि वेळ ४०० / २.० = २०० सेकंद. ४० सेकंद जास्त मोजून २४० मीटरची पायपीट वाचली. पेपरात ‘कमीत कमी वेळ’ आणि ‘कमीत कमी अंतर’ हे दोन वेगळे प्रश्न का असतात, ते यावरून कळेल.

आता दुसरं गणित. प्रवाह ताशी १०.८ किमी म्हणजे ३ मीटर प्रति सेकंद. तू ड्रिफ्ट शून्य धरून sin θ = ३ / २.५ = १.२ काढलंस. तो १.२ तुला सांगतोय की समोर उतरणं शक्यच नाही. तोंड सरळ उगमाकडे धरलं तरी नाव २.५ ने वर जाणार आणि पाणी ३ ने खाली आणणार. म्हणजे कोणत्याही कोनाला नाव खाली वाहणारच. प्रश्न एवढाच उरतो की कमीत कमी किती.

इथे ‘जितकी जास्त तिरपी, तितका ड्रिफ्ट कमी’ असं वाटतं, पण तसं होत नाही. तिरपेपणा वाढवला की खाली सरकण्याचा वेग कमी होतो, हे खरं. पण पलीकडे नेणारा तुकडाही कमी होतो, वेळ वाढतो, आणि तो हळू वेग जास्त वेळ चालू राहतो. तोंड सरळ समोर असताना ड्रिफ्ट ३ × १६० = ४८० मीटर. तोंड ७०° वळवलं तर खाली सरकण्याचा वेग ०.६५ पर्यंत उतरतो, पण वेळ ४६८ सेकंदांवर जातो आणि ड्रिफ्ट ३०४ मीटर येतो. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सगळ्यात कमी ड्रिफ्ट आहे.

तो कोन अवकलनाने निघतो, पण आकृतीने लवकर निघतो आणि लक्षातही राहतो. प्रवाहाचा सदिश काढ, लांबी ३ एकक, डावीकडून उजवीकडे. त्याच्या टोकाला कर्कट ठेवून २.५ त्रिज्येचं वर्तुळ काढ. नावेचं तोंड कुठेही असलं तरी एकूण वेगाचं टोक या वर्तुळावरच पडतं, कारण v ची लांबी तीच राहते, फक्त दिशा फिरते. प्रवाहाच्या सदिशाच्या सुरुवातीपासून वर्तुळावरच्या बिंदूकडे जाणारी रेषा ही नावेची वाट. ड्रिफ्ट कमीत कमी हवा म्हणजे ही वाट लंबाच्या शक्य तितकी जवळ हवी, आणि वर्तुळाला न सोडता सगळ्यात जास्त वर उचललेली रेषा म्हणजे स्पर्शिका. स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या आणि स्पर्शिका काटकोनात असतात. म्हणून कमीत कमी ड्रिफ्टसाठी नावेचं तोंड वाटेशी काटकोन करतं. त्या काटकोन त्रिकोणातून

```
sin θ = v / u = 2.5 / 3      →  θ ≈ 56.4°
x_min = d · √(u² − v²) / v   ≈ 265 m
```

वेळ सुमारे २८९ सेकंद. आधीच्या गणितात sin θ = u / v होता, इथे v / u आहे. हे पाठ करायला जाऊ नकोस, मुलं परीक्षेत नेमके हेच उलटे लावतात. sine एकाहून मोठा येऊ शकत नाही, तेव्हा छोटा वेग वर आणि मोठा खाली, हे आपोआप ठरतं. फक्त अर्थ ध्यानात ठेव. नाव जोरात असेल तर ते सूत्र शून्य ड्रिफ्टचं, नदी जोरात असेल तर ते किमान ड्रिफ्टचं. दोन्ही वेग सारखे असतील तर किमान ड्रिफ्ट गाठताच येत नाही: कोन ९०° च्या जितका जवळ न्यावा तितका ड्रिफ्ट शून्याकडे जातो आणि वेळ वाढतच जातो. नेमक्या ९०° ला नाव जागच्या जागी उभी राहते.

आता महेश्वरचा नावाडी. पुस्तकातली नदी काठापासून काठापर्यंत एकाच वेगाने वाहते, खरी नदी तशी वाहत नाही. काठालगत पाणी तळाला आणि दगडाला घासून मंद होतं, मध्यधारेत जोर असतो. पायऱ्यांवरून झेंडूचा हार सोडलास तर तो रेंगाळत जातो, तोच मध्यावर सोडला तर झपाट्याने निघतो. घाटाच्या कडेला तीस मीटर मोजून, वाहत्या फुलावर घड्याळ लावून जो u काढशील तो म्हणून नेहमी कमीच येणार. शिवाय वरच्या अंगाला ओंकारेश्वरचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं की सकाळचा u दुपारी राहत नाही.

समज मध्यधारेत वेग १.५ आहे, दोन्ही काठांना शून्य, आणि मधला बदल परवलयासारखा. ही मांडणी ढोबळ आहे, पण गणिताला पुरते. तोंडाचा कोन एकदा धरून तसाच ठेवला तर पलीकडे नेणारा तुकडा बदलत नाही, म्हणून वेळ अजूनही १८४.८ सेकंदच. ड्रिफ्टसाठी मात्र u ची सरासरी लागते. नाव पात्राची रुंदी एकसारख्या वेगाने कापते, तेव्हा रुंदीवरची सरासरी चालते, आणि परवलयाची सरासरी कमाल वेगाच्या दोन तृतीयांश असते, म्हणजे इथे १.०. तोंड ३०° वर असेल तर ड्रिफ्ट (१.० − १.२५) × १८४.८ = −४६.२ मीटर. आकडा तोच, चिन्ह उलटं! जी नाव पुस्तकात ४६ मीटर खाली लागते, तीच इथे ४६ मीटर वर लागते. मध्यधारेचा वेग सगळ्या पात्राला लावला की एवढा फरक पडतो.

या नावेची वाटही सरळ रेषा नसते. घाट सोडताना पाणी मंद आहे, नावेचे १.२५ भारी पडतात आणि ती डावीकडे चढते. सुमारे ११८ मीटर आत जाईपर्यंत ती २९ मीटर वर गेलेली असते. तिथून २८२ मीटरपर्यंत धार १.२५ पेक्षा जोरात असते, तेवढ्यात नाव १२–१३ मीटर खाली येते. शेवटच्या टप्प्यात पुन्हा मंद पाणी, पुन्हा २९ मीटर वर. काठावरून पाहणाऱ्याला वाटतं नावाडी मध्ये चुकला आणि मग सावरला, पण त्याचं वल्हं तसंच होतं.

बरोबर समोर उतरायला या पात्रात कोन एकच धरायचा असेल तर sin θ = १.० / २.५, म्हणजे सुमारे २३.६°, आणि वेळ १७४.६ सेकंद. इथेही वाट नागमोडीच, फक्त शेवट बरोबर समोर येतो. नावाडी सहसा असं करत नाही. तो समोरच्या काठावरचं एखादं झाड आणि त्यामागची एखादी खूण, अशा दोन वस्तू एका रेषेत धरतो. मागची खूण झाडाच्या डावीकडे सरकताना दिसली की समजायचं नाव डावीकडे, म्हणजे वर चाललीय, मग तोंड थोडं सैल सोडायचं. उजवीकडे सरकली की नाव खाली वाहतेय, तोंड आणखी वळवायचं. म्हणजे प्रत्येक ठिकाणच्या u साठी तो वेगळा θ धरत असतो, मध्यधारेत जास्त आणि काठाशी जवळजवळ शून्य. sin θ तो काढत नाही, पण त्या दोन खुणा एका रेषेत राहतात तेव्हा v sin θ = u हे समीकरण प्रत्येक क्षणी पाळलं जात असतं.

गंमत अशी की सरळ रेषेत जाणारी ही नाव नागमोडी नावेपेक्षा उशिरा पोचते. मध्यधारेत तिला तोंड ३६.९° पर्यंत वळवावं लागतं आणि तिथे पलीकडे नेणारा वेग २.० वर येतो. काठाजवळ तो २.५ पर्यंत मिळतो, पण त्याने मधलं नुकसान भरून निघत नाही. बेरीज केली तर सुमारे १८० सेकंद लागतात, स्थिर कोनाच्या नावेला १७४.६. पाच सेकंदांसाठी कोणी नाव नागमोडी नेणार नाही, कारण सरळ रेषेत नाव कुठे चाललीय ते दिसत राहतं, आणि नदीचा नेमका u माहीत नसताना डोळ्यासमोरची खूणच कामाला येते.

स्वतः ताडून बघायचं असेल तर पुढच्या वेळी वल्ह्यांच्या नावेत बसून घाटाच्या समांतर शंभर मीटर वर आणि तेच शंभर मीटर खाली जायला किती सेकंद लागतात ते मोज, वल्ह्यांचा ठेका एकच ठेवायला सांगून. दोन्ही वेगांची सरासरी म्हणजे v, आणि फरकाचा निम्मा म्हणजे त्या पट्ट्यातला u. हेच मध्यधारेत केलंस तर v तोच यायला हवा आणि u वाढलेला. v सुद्धा बदलला तर समज ठेका बदलला किंवा वारा मध्ये आला, आणि मापं पुन्हा घे.